सहावं अक्षर

आज दुपारी पुन्हा एक 'घरबसल्या काम' आलं. वॉटर प्युरिफायर विकणारी छोटी कंपनी, मराठी-हिंदीत तक्रारींचे फोन घ्यायचे, महिना बारा हजार. बाई गोड बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, लॉगिन आयडीचे पंधराशे भरा, पहिल्या पगारात परत." खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण मी म्हटलं, आधी जीएसटी नंबर पाठवा.

पाठवला की हो! gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकला, तर नोंदणी चालू, पत्ता पुण्याचाच. क्षणभर मीच वरमले. मग नंबर नीट पाहिला. सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. त्या पॅनचं चौथं, म्हणजे अख्ख्या नंबरातलं सहावं अक्षर 'P' होतं. P म्हणजे एकटी व्यक्ती, कंपनीला तिथे C असतो. आणि बाई तर 'प्रायव्हेट लिमिटेड' सांगत होत्या!

पोर्टलवरच्या नावाच्या दुकानाचा फोन नकाशावर शोधून लावला. काका वैतागून म्हणाले, "आमच्याकडे फोनवर कुणी ठेवलेलंच नाही, आज तुम्ही तिसऱ्या."

नंबर खरा, माणसं खोटी. तो तर प्रत्येक बिलावर छापलेला असतो, कुणीही उचलावा.

(माझ्या आत्ताच्या मसालेवाल्या ताईंकडे जीएसटी नाही, उलाढालच तेवढी नाही. तिथे मी आधी त्यांच्या गाळ्यावर जाऊन आले होते.)