दोन पावलं अलीकडे

"मैत्रिणी भेटल्या की मिठी मारतोच की आपण! तुम्ही तिथेही आधी विचारता. त्यानं सगळा ओलावाच जात नाही का हो?"

नाही जात. समोरच्या माणसाला नको असताना मिठी सोसावी लागली, की जातो. म्हणून मी असं विचारायला बघते, की 'नको' म्हणणं तिला जड जाऊ नये.

हात पसरून अंगावर आल्यावर 'मिठी मारू का?' म्हटलं, तर त्याला विचारणं म्हणता येत नाही. तेव्हा नकार द्यायचा तर तिला मागे सरावं लागतं, आणि चारचौघांत ते फार थोड्यांना जमतं. मी दोन पावलं अलीकडे थांबते आणि हात खाली असतानाच विचारते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये तिकडचे लोक एकमेकांपासून किती अंतर राखतात ते मांडलं होतं. त्यात साधारण 45 सेंटीमीटरच्या आत फक्त अगदी जिव्हाळ्याची माणसं आणि त्यापुढे 1.2 मीटरपर्यंत मित्रमंडळी. आपल्याकडे हे माणसागणिक बदलतं, पण त्या आतल्या वर्तुळात शिरण्याआधी विचारावं एवढं मला त्यातून पटलं.

दुसरं म्हणजे मी पर्याय देते. "मिठी, की टाळी?" दोन्ही एकाच सुरात.

परवा रविवारी गंगापूर रोडला सगळे मिसळ खायला जमलो होतो. पुण्याहून मावसबहिणीची नऊ वर्षांची लेक आली होती. मी विचारलं, तिनं टाळी निवडली. लगेच तिची आजी म्हणाली, "अगं, मावशी आहे ना, मार की मिठी!" पोरीचे खांदे वर चढले आणि ती आईच्या मागे सरकली. लहान मुलाचा नकार बरेचदा असाच असतो, तोंडानं येतोच असं नाही. मी म्हटलं, "राहू द्या काकू, आमचं टाळीवर ठरलंय," आणि एक सणसणीत टाळी घेतली. अशा वेळी मोठ्यानंच मुलाची बाजू घ्यायला हवी. आजीला 'नाही' म्हणायचं ओझं मुलावर का टाकायचं?

एकदा 'हो' म्हटलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. मिठीत असताना समोरच्याचं अंग ताठ झालं, हात खालीच राहिले किंवा पाठीवर भराभर थोपटणं सुरू झालं, की मी सोडते. थोपटणं कधी निव्वळ मायेचंही असतं, पण तेव्हा लवकर सोडल्यानं काही बिघडत नाही.

याउलट माझी एक चुलती. विचारलेलं तिला मुळीच खपत नाही. "मी काय परकी आहे?" तिनं हे स्वच्छ सांगून ठेवलंय, म्हणून तिला मी विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात तिचा डावा खांदा आखडला होता, तेव्हा मात्र विचारलं. "ये, पण उजवीकडून आणि दाबू नकोस," म्हणाली.