"काय पण लागलं तर सांगा"

"सर, डबा कुठं बसून खायचा?"

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपात आज नवीन रुजू झालेल्या बैलहोंगलच्या पोरानं दुपारी हळूच विचारलं. मी त्याला सीएनसी, टूल रूम, स्टोअर, इन्स्पेक्शनचं टेबल, सगळं हौसेनं दाखवलं होतं. जेवायची जागा तेवढी राहिली.

आणि एकदम मागच्या खेपेचा पोरगा आठवला. त्याच्या पहिल्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं होतं, "स्वागत! काय पण लागलं तर सांगा." त्याचं उत्तर आलं, "थँक्यू सर." पुढं चार दिवस तो पार्किंगमध्ये गाडीवर बसून डबा खात होता. मला कळलं पाचव्या दिवशी, ते पण वॉचमनकडून.

नव्या माणसाला काय लागणार हेच ठाऊक नसतं, तर तो सांगणार काय?

म्हणून या खेपेला काल रात्रीच त्याला वेगळा मेसेज टाकला. "उद्या पावणेनऊला गेटवर उभा असतो. बस चुकली तर तिसऱ्या रेल्वे गेटाजवळून फोन करा, गाडी घेऊन येतो. अर्धा तास फिरून सगळं दाखवतो. सेफ्टी शूज घालून या." शेवटी माझ्या मोडक्या कानडीत "बर्री!" पण जोडलं.

दोन मिनिटांत उत्तर: "शूज नाहीत सर, काय करू?" रात्रीच स्टोअरवाल्याला फोन लावून आठ नंबरचा जोड काढून ठेवायला सांगितला.

डब्याचं मात्र त्यालाच विचारावं लागलं. उद्यापासून आमच्याच टेबलावर.

तुमच्या पहिल्या दिवशी तुम्हाला काय विचारायला लाज वाटली होती ओ?