ताईचा मुदत संपलेला डीडी

12 जूनला ताईने भाचीच्या वसतिगृहाच्या अनामत रकमेसाठी 38 हजारांचा डीडी काढला. खातं तिचं नागपुरातल्या धरमपेठेच्या शाखेत, कॉलेज पुण्याचं. कॉलेजने तो डीडी प्रवेशाच्या फाईलमध्येच लावून ठेवला आणि यादी पक्की झाल्यावर बँकेत भरायला काढला. तोवर सप्टेंबरचा शेवट आला होता. रजिस्टर पोस्टाने डीडी परत आला, सोबत लेटरहेडवर दोन ओळी: मुदत संपली आहे, मुदत वाढवून किंवा नवीन काढून पाठवावा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल.

ताई नोकरीमुळे गोंदियात, म्हणून बँकेचं काम माझ्याकडे आलं. तिचा पहिला प्रश्न होता, "अरे, पैसे बुडाले का?" नाही बुडत. चेकमध्ये पैसे देणाऱ्याच्या खात्यातच असतात, चेक वठला तरच ते निघतात. डीडीचं तसं नाही. तो काढला त्याच दिवशी 38 हजार ताईच्या खात्यातून वजा झाले आणि बँकेकडे डीडींच्या वेगळ्या खात्यात जाऊन बसले. तीन महिन्यांनी कागदाची मुदत संपते, बँकेची देणेदारी संपत नाही. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून चेक आणि डीडी दोन्हींसाठी ती तीन महिन्यांवर आणली. घरातली मोठी माणसं अजून सहा महिने धरून चालतात, त्यांना हे आवर्जून सांगावं.

काउंटरवरच्या मुलाने डीडी उलटसुलट पाहिला. "भाऊ, हा लॅप्स झाला. स्टॅम्पपेपरवर बाँड आणा, मग बघू." मी थांबलो, कारण हे मला पटलं नाही. बाँड, म्हणजे नुकसानभरपाईचं हमीपत्र, डीडी हरवला आणि डुप्लिकेट हवा असेल तेव्हा मागतात. मूळ डीडी उद्या कोणाच्या हातात सापडला आणि वठवला गेला तर जबाबदारी कोणाची, एवढ्यासाठी ते असतं. इथे मूळ डीडी माझ्या हातात होता. मी तेवढंच म्हटलं आणि त्याने मला आतल्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी डीडी नंबर टाकून आधी सिस्टिममध्ये पाहिलं. न वठलेला, मुदतबाह्य, रक्कम शिल्लक. मग त्यांनी डीडीच्या दर्शनी भागावर बोट ठेवलं. काढणाऱ्याचं नाव तिथे छापलेलं असतं. 15 सप्टेंबर 2018 पासून ते बंधनकारक आहे. "हे नाव तुमचं नाही ना? अर्ज यांचाच लागेल." मी ताईचं अधिकारपत्र आणि आधारची झेरॉक्स पुढे केली, पण सही खात्यावरच्या नमुन्याशी जुळवायची म्हणून मॅडमना ताई समोर हवी होती. मला त्याचा राग आला नाही. उद्या कोणीही कोणाचा डीडी आणून रक्कम फिरवायला लागलं तर?

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांच्याकडे एका सोसायटीच्या परताव्याचा जुना चेक होता. त्यांचीही मुदत वाढवून द्या अशीच मागणी होती, पण मॅडमना ते करताच येत नव्हतं. चेकची तारीख बदलायचा अधिकार तो लिहिणाऱ्याचा. सोसायटीने तारीख दुरुस्त करून तिथे पूर्ण सही करावी, नाहीतर नवीन चेक द्यावा. चेकवर इतर कुठलीही खाडाखोड आता क्लिअरिंगमध्ये चालत नाही, फक्त मुदत वाढवण्यासाठी तारखेची दुरुस्ती चालते. तरी मॅडमनी त्यांना नवीन चेकच मागायला सांगितला आणि मलाही तेच बरोबर वाटतं. डीडी मात्र बँकेनेच लिहिलेला असतो, म्हणून तिथे बँकेकडेच जायचं, आणि तेही ज्या शाखेने काढला त्या शाखेत.

ताई शनिवारी आली. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, हा पहिला होता. मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, डीडी रद्द करून पैसे खात्यात घ्यायचे आणि नवीन काढायचा. त्यात रद्द करण्याचं शुल्क वेगळं, नव्या डीडीचं कमिशन वेगळं आणि दोन्हींवर जीएसटी. शिवाय डीडी एकदा कॉलेजच्या हातात जाऊन आलेला, त्यामुळे तो वापरला नाही आणि रद्द करायला हरकत नाही असं कॉलेजकडून स्पष्ट लिहून लागलं असतं. डीडी ज्याच्या नावाने निघतो आणि ज्याच्या ताब्यात जातो त्याचा त्यावर हक्क तयार होतो. काढणाऱ्याने मनात आलं म्हणून पैसे परत मागायचे असं होत नाही. दुसरी वाट, त्याच डीडीची मुदत वाढवून घ्यायची. कॉलेजच्या पत्रात मुदत वाढवण्याचा उल्लेख होताच, म्हणून तेवढं पत्र पुरलं. आम्ही ही वाट घेतली.

अर्ज साधा होता, ताईने तिथेच बसून लिहिला: "दि. 12 जून रोजी आपल्या शाखेतून माझ्या खात्यातून काढलेला रु. 38,000 चा डीडी मुदतीत वठवला गेला नाही. मूळ डीडी व कॉलेजचे पत्र जोडले आहे. कृपया डीडीची मुदत वाढवून द्यावी. शुल्क माझ्या खात्यातून घ्यावे." खाली डीडी नंबर, खाते क्रमांक, सही. शुल्क 100 रुपये आणि 18 टक्के जीएसटी, असे 118 गेले. प्रत्येक बँकेचा दर निराळा असतो, तो शाखेतल्या तक्त्यावर पाहून घ्यावा.

यानंतर ज्या गोष्टीकडे बारकाईने पाहायचं ती शिक्क्याची. मुदत वाढवल्याचा शिक्का, नवी तारीख आणि अधिकाऱ्यांच्या सह्या डीडीवर येतात. आता क्लिअरिंगला कागद जात नाही, त्याची स्कॅन केलेली प्रतिमा जाते. शिक्का रकमेवर, नावावर किंवा खालच्या पांढऱ्या पट्टीतल्या आकड्यांवर उमटला तर दुसऱ्या टोकाला वाचता येत नाही आणि डीडी पुन्हा परत येतो. मॅडमनी वरच्या मोकळ्या जागेत नीट शिक्का मारला. मी विनंती केली की सिस्टिममध्येही नोंद झाली ना, ते एकदा बघा. कागदावर शिक्का आहे पण सिस्टिममध्ये डीडी मुदतबाह्यच राहिला, तर वठवताना तो अडकणारच. त्यांनी स्क्रीन वळवून नवी तारीख दाखवली.

दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून आम्ही डीडी स्पीडपोस्टाने पाठवला आणि कॉलेजच्या लेखा विभागाला फोन करून सांगितलं की आला की त्याच आठवड्यात भरा, ही मुदतवाढ पुन्हा मिळेल असं धरू नका. पुढच्या आठवड्यात मी शाखेत नंबर देऊन विचारलं, तर डीडी वठला होता. भाचीची पावती त्यानंतर दोन दिवसांनी आली.