दोन किलोचं वजन, दोनशे ग्रॅमचं वजन आणि बिजागरीची फळी

लक्ष्मीपुरीत आमचं किराणा दुकान आहे. मुलगी यंदा दहावीला. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. एका संध्याकाळी गल्ल्याशेजारी बसून ती मोठ्यानं वाचत होती, की हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी खाली पोचतात. पोती रचणारे आमचे मामा जागेवरच थांबले. तीस वर्षं पाठीवर ओझी वाहिलेला माणूस. म्हणाले, "पोरी, पुस्तकात काय बी लिहू दे. जड ते आधी पडणारच की!"

मलाही मनातून तसंच वाटत होतं. मुलीला मात्र फक्त पाठ करायचं नव्हतं, खरं करून बघायचं होतं. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून जुनी लोखंडी वजनं माळ्यावर पडून होती. त्यातलं दोन किलोचं आणि दोनशे ग्रॅमचं वजन काढलं. दोन्ही एकाच घडणीची, षटकोनी. एक दुसऱ्याच्या दहापट.

मी शिडीवर चढलो, दोन्ही हातांत एकेक वजन धरलं आणि खालच्या वाळूच्या पोत्यावर सोडलं. जड वजन चक्क मागून पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मामा हसायला लागले, मुलगी गोंधळली. कारण दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं. दोन किलो धरून ठेवायला बोटं घट्ट आवळावी लागतात, आणि आवळलेली बोटं उघडायला किंचित जास्त वेळ घेतात. आपल्याला वाटतं, दोन्ही एकदमच सोडली. गॅलिलिओच्या तरुणपणच्या लिखाणातही हलकी वस्तू सुरुवातीला पुढे जाते अशी नोंद आहे, ती बहुधा याचमुळे असावी. म्हणजे आम्ही वजनं तपासत नव्हतो, माझे हात तपासत होतो.

मग हात मधून काढून टाकायचं ठरवलं. माळ्याच्या कडेला दीड फुटाची फळी बिजागरीनं बसवली आणि तिची मोकळी कड सुतळीनं वरच्या हुकाला बांधली. फळीवर दोन्ही वजनं शेजारीशेजारी ठेवायची आणि सुतळी कापायची. पहिल्यांदा वजनं बिजागरीजवळ ठेवली, तर ती फळीवरून घसरत, कोलांट्या खात गेली. कडेला सरकवली तेव्हा जमलं. त्यामागचं कारण मला फार आवडलं: बिजागरीवर फिरणाऱ्या फळीची मोकळी कड, मोकळ्या सोडलेल्या वस्तूपेक्षाही जोरात खाली जाते. त्यामुळे सुतळी तुटताक्षणी फळी दोन्ही वजनांखालून निघून जाते आणि ती एकाच क्षणी अधांतरी राहतात. कुणी कुणाला ढकलत नाही, धरत नाही.

खाली दोन तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून वेगवेगळ्या वाळूच्या पोत्यांवर ठेवले, कारण डोळ्यापेक्षा कान पक्का. फळीपासून पत्र्यापर्यंत बरोबर 2 मीटर. एवढं अंतर पडायला साधारण 0.64 सेकंद लागतात.

सुतळी कापली. एकच आवाज आला. "ठण्ण", आणि संपलं.

मामांनी मान हलवली. "आवाज एवढा झटक्यात येतोय, मागंपुढं झालं तरी कळायचं न्हाई." शंका रास्त होती. म्हणून मुलीनं हलक्या वजनाच्या पत्र्याखाली दोन विटा सरकवल्या, म्हणजे त्याचा रस्ता वीतभर कमी झाला. आता सुतळी कापली तर "ठण-ठण" असे दोन आवाज स्वच्छ वेगळे ऐकू आले. वीतभर फरक कानाला कळतो, हे ठरलं. विटा काढल्या की पुन्हा एकच आवाज. आणि दहापट जड वस्तू दहापट वेगानं पडत असती, तर मोठं वजन पत्र्यावर आपटलं तेव्हा धाकटं जेमतेम वीतभरच खाली आलेलं असायला हवं होतं.

"बरं, पण ह्याचं काय?" म्हणत मामांनी एक रिकामं बारदान उलगडून वरून सोडलं. ते डुलत डुलत आलं. मुलीनं तेच बारदान घट्ट गुंडाळून सुतळीनं बांधलं आणि तिथूनच सोडलं. धप्पकन पडलं. वजन तेच, वेळ निराळा. मग उशीर वजनामुळे झाला नव्हता, उलगडलेलं कापड हवा अडवत होतं म्हणून झाला होता. हवाच नसेल तर काय होतं, तेही 1971 साली चंद्रावर दिसलं. अपोलो 15 मधल्या डेव्हिड स्कॉटनं हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबरच जमिनीला लागली.

तरी मामांच्या मनातला मूळ प्रश्न तसाच होता. दोन किलोला पृथ्वी जास्त ओढते की नाही? ओढते, दहापट ओढते. हातावर ते जाणवतंही. इथं मला त्यांची हातगाडी आठवली. विचारलं, "मामा, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, सुरुवातीला हलवायला कुठली अवघड?" "भरलेली की! जागची हलत न्हाई लवकर." तसंच हे. दोन किलोला ओढ दहापट आहे, पण जागचं हलवून त्याला वेग द्यायला जोरही दहापटच लागतो. दोन्हींचा हिशेब तंतोतंत मिटतो आणि वेग सारखाच वाढत जातो.

त्यांना खरं पटलं ते गुळावरून. गॅलिलिओनं असाच युक्तिवाद केला होता, आम्ही तो अर्ध्या किलोच्या ढेपींवर केला. चार ढेपी शेजारीशेजारी सोडल्या तर चारही बरोबर पडतील, हे मामांना मान्य होतं. "आता त्या चार सुतळीनं एकत्र बांधल्या. झालं दोन किलोचं गाठोडं. सुतळी बांधली म्हणून त्या जास्त जोरात का पळतील?" मामा बराच वेळ त्या ढेपींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुतळी काय धक्का देणार न्हाई त्यांना."

तीस वर्षं त्यांना उलटं का वाटत होतं, तेही बोलण्यातून निघालं. पन्नास किलोचं पोतं पायावर पडलं तर पाय जातो, पाच किलोची पिशवी पडली तर नुसतं दुखतं. जास्त लागतं म्हणजे जास्त वेगानं आलं, असं आपण धरून चालतो. वेग सारखाच असतो, मार मात्र वजनाप्रमाणे बसतो.

दुसऱ्या दिवशी मामांनीच नवा प्रश्न आणला. "वळवाचा टपोरा थेंब सटासट लागतो, श्रावणातली भुरभुर तरंगत येते. तिथं जडच जोरात येतंय की." आणि तिथं त्यांचं बरोबर आहे. ढगातून येताना थेंबाला इतकी हवा कापावी लागते की त्याचा वेग एका मर्यादेला येऊन थांबतो. 5 मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगानं येतो, अर्ध्या मिलिमीटरचा जेमतेम 2 मीटरनं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर वजन आठपट होतं, पण हवेला भिडणारं क्षेत्रफळ चारपटच. म्हणून मोठ्या थेंबाला हवा तितकीशी अडवू शकत नाही. आमची लोखंडी वजनं 2 मीटरच पडत होती. एवढ्याशा अंतरात लोखंडापुढे हवेचं फारसं चालत नाही, म्हणून एकच आवाज आला.

फळी अजून माळ्याला तशीच आहे. मामांनी तिच्या बिजागरीला तेल घातलंय.