पोस्टमनकाकांसाठी चार कडवी

"आमच्या गल्लीत पंचवीस-तीस वर्षे टपाल आणणारे पोस्टमनकाका निवृत्त होत आहेत. त्यांच्यासाठी साध्या मराठीत आभाराची छोटी कविता लिहायची आहे, तर सुरुवात कुठून करायची?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, सुरुवात कागदावर करू नका, तीन दारांवर करा. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीने हे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा मी उलटे केले होते. एका बैठकीत सोळा ओळी लिहून काढल्या आणि त्यात "ऊन, पाऊस, वारा झेलत", "हसतमुख सेवा", "निरपेक्ष वृत्ती" असे सगळे आले. बायकोने वाचून एवढेच विचारले, की यातली कोणती ओळ दूधवाल्याला चालणार नाही? एकही नव्हती. तेव्हापासून माझी कसोटी हीच आहे. ओळीतला पोस्टमन काढून तिथे दूधवाला किंवा पेपरवाला बसवून पाहायचा आणि तो आरामात बसला तर ती ओळ खोडायची. माझ्या सोळाच्या सोळा ओळी अशा गेल्या.

मग मी गल्लीतल्या सर्वांत जुन्या तीन घरांत गेलो. "काका कसे आहेत?" असे विचारले की लोक "फार चांगले" म्हणतात आणि विषय संपतो, म्हणून मी विचारले, "काकांनी तुमच्याकडे आणलेली कोणती गोष्ट आठवते?" पहिल्या घरात कळले, की सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला की घरातल्या बाई भांडी तशीच टाकून बाहेर यायच्या. दुसऱ्या घरातल्या मुलीचे सासरहून येणारे पत्र एकदा पावसात भिजले होते आणि पत्त्यातले निम्मे फुटून गेले होते, तरी काकांनी केवळ अक्षरावरून ते बरोबर दारात आणून दिले. तिसऱ्या घरातल्या आजींना दरमहा मनीऑर्डर येत असे. काका नोटा स्वतः दोनदा मोजायचे आणि मग आजींनाही मोजायला लावायचे. आजींना मोजता येत नव्हते, पण त्यांनी तसे कधी सांगितले नाही आणि काकांनीही कधी ओळखल्याचे दाखवले नाही. आजींनी नोटांवरून बोट फिरवून मान हलवली, की मगच अंगठा घेतला जायचा.

मिळालेले सगळे वापरायचे नसते. एका शेजाऱ्यांना त्यांच्या वडिलांच्या आजारपणात आलेल्या तारेची ओळ हवी होती, पण खोदून विचारल्यावर त्यांनाच आठवले, की ती तार आणणारा माणूस वेगळा होता. अनेक शहरांत तारा वाटायला तारघराचे स्वतंत्र शिपाई असत. 15 जुलै 2013 रोजी तार सेवा बंदच झाली, त्यामुळे आता लोकांच्या आठवणीत तार आणि टपाल एकाच पिशवीत पडलेले असते. निवृत्त होणाऱ्या माणसाला न केलेल्या कामाचे श्रेय दिले तर तो सर्वांसमोर काही बोलणार नाही, पण त्याला ते खटकेल. कोर्टाची नोटीस, बँकेचे तगाद्याचे पत्र, मोडलेल्या लग्नाचे निरोप हेही काकांनीच आणलेले असतात. ते सारे ठाऊक असून ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचे कौतुक करायच्या निमित्ताने आपणच ते उघड करायचे, हा प्रकार मला मान्य नाही.

आता बांधणी. गल्लीच्या कवितेला मी अष्टाक्षरी घेतो, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, चार ओळींचे एक कडवे आणि दुसऱ्या व चौथ्या ओळीला यमक. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा मोठा अभंगही हाताशी असतो, परंतु तो वाचायला लागले की टाळ ऐकू येतात आणि काकांची आरती होऊन बसते. अष्टाक्षरीत लघुगुरू पाहावे लागत नाहीत. जोडाक्षर एकच धरायचे आणि अनुस्वाराला वेगळे मोजायचे नाही. मोजणी मात्र लिहिलेल्या अक्षरांची करायची, उच्चाराची नव्हे. "सायकल" आपण घाईत कसेही म्हणत असलो तरी ती चार अक्षरे आहेत, "पोस्टमन" चार आणि "मनीऑर्डर" पाच.

केवळ बोटे मोजून आठ भरले म्हणजे ओळ झाली, असे मात्र नाही. माझ्या शेवटच्या कडव्यात आधी "एवढं ठेवा जपून" अशी ओळ होती. अक्षरे बरोबर आठ, पण शेजारचा मुलगा वाचताना दर वेळी तिथे अडखळत होता. शब्द तीन, दोन, तीन असे पडले होते. तीन अक्षरी शब्दानंतर कान दुसऱ्या तीन अक्षरी शब्दाची वाट पाहतो, आणि मध्येच दोनाचा आला की पाय चुकल्यासारखे होते. "ठेवा एवढं जपून" केले, म्हणजे दोन, तीन, तीन, आणि त्याच शब्दांची ओळ सरळ चालू लागली. ओळ अडखळते की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला ती पाठ असते. म्हणून ज्याने ती पाहिलेली नाही अशा कुणाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावी.

दुसरी खोड यमकाची. "आली, गेली, दिली, नेली" असे क्रियापदाच्या शेपटीचे यमक हवे तेवढे मिळते आणि म्हणूनच ते पुळचट लागते. माझ्या पहिल्या कडव्यात आधी "घंटी दोनदा वाजली" आणि "सारी दारं उघडली" असे होते. ते काढून "दारात" आणि "अंगणात" घेतले, तेव्हा कुठे त्या बाई ओले हात पुसत कवितेत आल्या. सगळीकडे हे साधले असा माझा दावा नाही. "जपून" आणि "सगळ्यांकडून" हे यमक तसे सैलच आहे, पण तिथे तो शेवटचा शब्द मला सोडवेना.

भाषेविषयी एकच गोष्ट. हा लेख मी "केले, दिले" असा लिहीत असलो तरी कवितेत "केलं, दिलं" ठेवले, कारण ती काकांच्या तोंडावर म्हणायची होती. संबोधन "काका" आणि "तुम्ही" यांपुढे जाऊ नये. "आपण", "आपल्या अमूल्य सेवेने" असे सुरू झाले, की कार्यालयातल्या मानपत्राचा वास येतो, आणि ते मानपत्र त्यांना कार्यालयात मिळणारच असते.

शेवटी उरली ती कविता अशी :

सायकल भिंतीपाशी,
घंटी वाजते दारात;
आई ओले हात तसे
पुसत ये अंगणात.

पत्ता अर्धा, शाई ओली,
तरी चुकलं ना घर;
तुम्हांला ओळखू येई
लेकीबाळींचं अक्षर.

मनीऑर्डर देताना
नोटा मोजून दोनदा
म्हणायचात आजीला,
"मोजा तुम्हीही एकदा."

पत्रं कमी झाली हल्ली,
ठेवा एवढं जपून;
पत्ता वर तुमचाच,
खाली "सगळ्यांकडून".

यात "आभार" हा शब्द नाही, हे गल्लीतल्या दोघांना मुळीच पटले नव्हते. मी प्रयत्न केला, पण तो शब्द कुठेही घातला की त्या कडव्यातले बाकीचे चित्र पुसले जाई आणि ओळ पुन्हा दूधवाल्याकडे जाई. अखेर असे ठरले, की गल्लीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या आजोबांनी कवितेआधी एका वाक्यात आभार मानायचे, म्हणजे कवितेला तो भार नको. तुमच्याकडे असा आग्रह झाला तर हीच वाट घ्या. चारहून अधिक कडवी मात्र करू नका. उभ्या उभ्या ऐकणारा माणूस सोळा ओळींपर्यंत ऐकतो आणि पुढे तो आपला चेहरा कसा ठेवावा या विवंचनेत पडतो.

दिवसाचेही बघून ठेवा. साठ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी टपाल खात्यातला माणूस निवृत्त होतो, मग वाढदिवस महिन्याच्या कोणत्याही तारखेला असो. केवळ महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असेल, तर आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. त्या दिवशी कार्यालयात निरोप समारंभ, कागदपत्रे, सह्या अशी गडबड असते. आम्ही आदल्या दिवशी, काका नेहमीच्या फेरीला आले तेव्हा, पाच मिनिटांत उरकले. पिशवीत त्यांच्यापुढे अजून दोन गल्ल्यांचे टपाल होते आणि त्यांना उशीर होऊ देणे योग्य नव्हते.

कविता टाइप करून चौकट करून देण्याची सूचना आली होती, ती मी मोडून काढली. गल्लीतल्या ज्या मुलीचे अक्षर काका ओळखत होते, तिलाच ती हाताने लिहायला सांगितली, पाकिटात घातली, वर काकांचे नाव आणि घरचा पत्ता लिहिला, तिकीट चिकटवले. शेजारच्या मुलाने कविता म्हटली. आजींच्या कडव्याला काका हसले आणि त्यांनी आजींच्या बंद दाराकडे एकदा पाहिले. आजी जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. मग आम्ही पाकीट त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते सवयीने लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाले, "अक्षर ओळखलं. पण पिनकोड राहिला की." खिशाचे पेन काढून, पाकीट सायकलच्या सीटवर ठेवून त्यांनी सहा आकडे स्वतः लिहिले आणि ते पाकीट पिशवीत इतर टपालात घालून पुढच्या गल्लीत गेले.