प्रवासक्रम जुळणी: मध्यरात्रीनंतरचे पनवेल अखेर सुटले

आरक्षणाच्या मेलमधून तारखा आणि वेळा उचलून संपूर्ण प्रवासक्रम कॅलेंडरमध्ये भरणारी एक स्क्रिप्ट मी लिहितो आहे. मागील नोंदीत तिच्यातील विमानांच्या मेलचे काम मार्गी लागल्याचे लिहिले होते आणि रेल्वेचा भाग 'जवळपास झाला' असे म्हटले होते. त्या 'जवळपास'नेच पुढचा सगळा वेळ खाल्ला. आता मात्र एक नियम असा सापडला आहे की, ज्याने केवळ रेल्वेचाच नव्हे तर संपूर्ण प्रवासक्रमाचा पाया बदलेल असे दिसते, म्हणून हा सविस्तर वृत्तान्त.

ज्या प्रवासाने स्क्रिप्टला अडवले तो आपल्याकडील अगदी नेहमीचा आहे. कोकणकन्या एक्सप्रेसने गोवा, पाळोळे येथे दोन रात्री मुक्काम आणि परतताना विमान. तिकीट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काढलेले आहे, कारण गाडी जेथून सुटते तेथील कोट्यात जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. परंतु चढायचे पनवेलला. गाडी मुंबईहून रात्री अकरानंतर सुटते आणि पनवेलला मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे गाडीची तारीख 12 डिसेंबर 2025, आणि प्रवासी फलाटावर उभा असतो ती तारीख 13. हॉटेलची नोंद 13 ते 15 डिसेंबर अशी आहे.

तिकिटाचा पीडीएफ हाताशी असेल तर हा गुंता फारसा राहत नाही. `pdftotext -layout` चालवल्यावर तिन्ही रकाने एका ओळीत येतात (पीएनआर काढून टाकला आहे आणि मिनिटे ढोबळ घेतली आहेत):

```
Start Date* 12-Dec-2025   Departure* 00:20 13-Dec-2025   Arrival* 10:40 13-Dec-2025
```

येथे निघण्याच्या वेळेला स्वतःची तारीख जोडलेली आहे, तेव्हा `Departure` या शब्दानंतरची वेळ आणि त्याच वेळेला चिकटलेली तारीख एकत्र उचलणे एवढेच पुरते. `-layout` हा पर्याय विसरू नये. तो नसेल तर रकान्यांतील मजकूर वरखाली होतो आणि कोणती तारीख कोणाची हे ठरवता येत नाही. काही जण यासाठी पायथनमधील मोठ्या पीडीएफ लायब्ररी सुचवतात. माझ्या मते रेल्वेच्या तिकिटासाठी त्यांची गरज नाही. पॉपलरचे हे छोटे साधन वेगवान आहे आणि त्याचा निकाल डोळ्यांनी वाचून तपासता येतो.

खरी अडचण पीडीएफ नसताना येते. एका प्रवाससंकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटाच्या मेलमध्ये पीडीएफ नव्हता. होता तो केवळ सुशोभित एचटीएमएल मजकूर. त्यात एका ठिकाणी तारीख, दुसऱ्या ठिकाणी चढण्याचे स्थानक व वेळ, आणि खाली उतरण्याची वेळ. छापलेली तारीख गाडी सुटण्याची आहे की प्रवाशाने चढण्याची, हे कोठेही सांगितलेले नव्हते. 12 डिसेंबर आणि 00:20 हे दोन तुकडे सरळ जोडले की प्रवास पूर्ण 24 तास अलीकडे सरकतो, आणि कॅलेंडरमध्ये तो इतका नीटनेटका दिसतो की कोणालाही शंका येऊ नये. त्याउलट 'मध्यरात्रीनंतरची वेळ असेल तर एक दिवस वाढवा' असा सरसकट नियम केला, तर ज्या मेलमध्ये चढण्याचीच तारीख छापलेली असते त्या मेलचे प्रवास एक दिवस पुढे ढकलले जातात. तेथे चूक अधिक महागात पडते, कारण गाडी निघून गेलेली असते.

पहिला उपाय वेळापत्रकातून करून पाहिला. रेल्वेच्या वेळापत्रकात प्रत्येक स्थानकासमोर दिवसाचा क्रमांक असतो. कोकणकन्येसाठी मुंबई आणि ठाणे पहिल्या दिवशी, पनवेल दुसऱ्या दिवशी. गाडी सुटण्याची तारीख निश्चित ठाऊक असेल, तर चढण्याची तारीख या क्रमांकावरून अचूक निघते. उतरण्याच्या तारखेसाठी तर हा क्रमांक अपरिहार्य आहे, कारण 'उतरण्याची वेळ चढण्याच्या वेळेपेक्षा लहान असेल तर दुसरा दिवस' ही युक्ती एका रात्रीच्या गाडीपुरतीच चालते. दिब्रुगड ते कन्याकुमारी धावणाऱ्या विवेक एक्सप्रेसचा प्रवास 70 तासांहून अधिक आहे. तेथे ती युक्ती मधल्या रात्री गिळून टाकते. तथापि मूळ प्रश्न दिवसाच्या क्रमांकाने सुटत नाही. छापलेली तारीख कोणती, हेच माहीत नसेल तर मोजणी सुरू कोठून करावी?

शेवटी उत्तर मिळाले ते रेल्वेच्या मेलमध्ये नव्हे, तर हॉटेलच्या मेलमध्ये. प्रवासाला निघालेला माणूस प्रत्येक रात्री कोठेतरी असतो: गाडीत, विमानात किंवा हॉटेलच्या खोलीत. पहिले प्रस्थान आणि शेवटचे आगमन यांच्यामधील प्रत्येक रात्रीसाठी पहाटे तीनचा ठोका धरावा आणि त्या क्षणी प्रवासक्रमातील किती नोंदी चालू आहेत ते मोजावे.

```python
def night_count(d, segs):
    t = datetime.combine(d + timedelta(days=1), time(3, 0))
    return sum(s.start <= t < s.end for s in segs)
```

उत्तर एक आले तर रात्र जुळली. शून्य आले तर माणूस रस्त्यावर आहे, आणि दोन आले तर तो एकाच वेळी दोन ठिकाणी झोपला आहे. आता आपले उदाहरण लावून पाहू. मेलमध्ये 12 तारीख आहे, म्हणून 12 आणि 13 असे दोन पर्याय उभे केले. पनवेलहून 12 तारखेला 00:20 ला निघाल्यास गाडी त्याच सकाळी मडगावला पोहोचते, परंतु हॉटेल 13 च्या दुपारी सुरू होते. 12 ची रात्र शून्यावर राहते. हेच प्रस्थान 13 तारखेला धरले, तर 12 ची रात्र गाडीत, 13 आणि 14 च्या रात्री पाळोळ्यात, आणि सगळीकडे उत्तर एक. समजा मेलमध्ये चढण्याचीच तारीख, म्हणजे 13, छापलेली असती, तर पर्याय 13 आणि 14 असते. 14 धरल्यास पहाटे तीनला गाडीही चालू आणि हॉटेलची खोलीही चालू, म्हणजे उत्तर दोन. तो पर्याय बाद. छापलेली तारीख कोणत्या अर्थाची आहे हे न ओळखताही दोन्ही बाजूंनी 13 हेच उत्तर निघाले, तेव्हा झालेला आनंद येथील मंडळींना वेगळा सांगायला नको.

या तपासणीच्या मर्यादाही लगेच दिसतात. कोणी मधली एक रात्र नातेवाइकांकडे काढली तर शून्य येणारच. सकाळी सहाला पोहोचल्याबरोबर खोली हवी म्हणून आदल्या रात्रीपासूनच हॉटेल घेतले असेल तर दोन येणार. म्हणून हा नियम एकट्या तारखेला चूक ठरवण्यासाठी न वापरता, दोन पर्यायांतून एक निवडण्यासाठीच वापरतो. दोन्ही पर्याय सारखेच जुळत असतील किंवा सारखेच फसत असतील, तर स्क्रिप्ट निवड करत नाही. ती नोंद `STATUS:TENTATIVE` म्हणून कॅलेंडरमध्ये जाते आणि मला विचारणा होते. प्रतीक्षायादीतील तिकिटेही याच खणात टाकतो, कारण मेलमधील स्थिती आरक्षण करतानाची असते. पुढे चार्ट लागून जागा मिळाली की नाही, हे त्या जुन्या मेलला कळणे शक्य नाही.

हॉटेल नसलेल्या प्रवासात, म्हणजे घरून घरी जाताना, रात्रींचा नियम मुका राहतो. त्यासाठी स्थानकांच्या दिवस-क्रमांकांचा मोठा तक्ता हाताने भरण्याचा बेत होता. परंतु हे लिहीत असतानाच त्याहून सोपे काही सुचले. साप्ताहिक किंवा आठवड्यातून तीनदा धावणाऱ्या गाड्यांची सुटण्याची तारीख ठरावीक वारीच पडते. छापलेल्या तारखेचा वार गाडी सुटण्याच्या वारांत बसत नसेल, तर ती तारीख सुटण्याची असूच शकत नाही. कोकणकन्या रोज धावते, म्हणून तिला याचा उपयोग नाही. पण लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या साप्ताहिक आहेत आणि दिवसांचा घोळ नेमका त्यांच्यातच जास्त असतो. तेव्हा मोठ्या तक्त्याचा बेत रद्द. आधी धावण्याचे वार आणि केवळ मला लागणारी स्थानके.

याच ओघात नोंदींची ओळख ठरवणारी किल्लीही बदलली. पूर्वी ती पीएनआर आणि चढण्याची तारीख अशी होती. चढण्याचे स्थानक ठाण्याऐवजी पनवेल केले की पीएनआर तोच राहतो, पण चढण्याची तारीख बदलते आणि कॅलेंडरमध्ये एकाच गाडीच्या दोन नोंदी उभ्या राहतात. आता `UID` पीएनआर, गाडी क्रमांक आणि गाडी सुटण्याची तारीख यांतून तयार होतो, आणि बदल आला की `SEQUENCE` एकने वाढतो. तारीख नंतर निश्चित झाली तरी जुनीच नोंद सुधारली जावी म्हणून संदिग्ध नोंदींना तात्पुरता `UID` देऊन तो पीएनआरशी बांधून ठेवतो.

विमानांच्या बाजूला एकच गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. एका विमान कंपनीच्या मेलमध्ये यंत्राला वाचण्यासाठी दिलेल्या `FlightReservation` या भागात `departureTime` स्थानिक वेळेत असूनही तिच्या शेवटी यूटीसी वेळ दर्शवणारा `Z` लावलेला आढळला. परतीचे 18:40 चे विमान त्यामुळे दुसऱ्या दिवशी 00:10 वाजता सुटताना दिसले. बरोबर साडेपाच तासांचा फरक. अशा मेलसाठी शेवटचा `Z` काढून विमानतळाचा टाइमझोन लावतो. मात्र आधी एचटीएमएलमध्ये छापलेली वेळ तीच असल्याची खात्री करून घेतो, कारण सर्वच कंपन्यांचा `Z` खोटा नसतो.

रात्रींची तपासणी वेळेच्या जुळणीवर उभी आहे, तर तीच कल्पना जागेलाही लावता येईल. गोव्यात दाबोळी `GOI` आणि मोपा `GOX` असे दोन विमानतळ आहेत, आणि मेलच्या विषयात दोन्हींना केवळ 'गोवा' म्हटलेले असते. पाळोळ्याहून मोपा सुमारे 100 किलोमीटर आहे. दाबोळी त्या मानाने बरेच जवळ. खोली सोडण्याची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ यांच्यातील अंतर या रस्त्याला पुरते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होईल. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून 'मुंबई' या शब्दाचीही तीच गत झाली आहे: `BOM` आणि `NMI`. त्यामुळे शहराच्या नावावरून विमानतळ ओळखणारा जुना तक्ता काढून टाकतो आहे आणि यापुढे कोड न मिळाल्यास नोंद अपूर्ण ठेवणार आहे.

पुढची चाचणी कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकावर घ्यायची आहे. तेव्हा गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि वेळा बदलतात. आरक्षण आधी केलेले असेल आणि मेलमध्ये जुनी वेळ असेल, तर मध्यरात्रीच्या आसपासच्या स्थानकांवर तारीखही उलटू शकते. कोणाकडे अशा बदललेल्या वेळेची, पीएनआर व नाव काढलेली तिकिटे असतील, तर त्यांचा `pdftotext -layout` मधून निघालेला मजकूर हवा आहे. पूर्ण पीडीएफ पाठवू नये, कारण त्यावरील क्यूआर कोडमध्ये प्रवाशाचा तपशील असतो.