बर्फाचं फावडं आणि बांडुंगचा पाऊस : आमची वाटचाल

व्यवसायातले प्रसंग घेऊन लिहिलेले धडे, म्हणजे व्यवस्थापन शिकणाऱ्यांच्या भाषेत 'केस स्टडी', आम्ही इंग्रजीतून इंडोनेशियन भाषेत आणतो. ऑफिस इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात, माणसं मोजकी. मी मूळची सांगलीची, तिथे कॉमर्स कॉलेजात शिकवत होते. नवऱ्याला इथल्या कापड गिरणीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. माझी भागीदार इथलीच, हिशेबशास्त्र शिकलेली. केस वाचून त्यातला धडा सुटा करायचं काम माझं, केस इंडोनेशियनमध्ये लिहायचं काम भागीदाराचं. पहिल्या दिवसापासून ही वाटणी आहे आणि ती अजून टिकली आहे.

सुरुवातीची कामं गिरण्यांच्या प्रशिक्षण विभागांकडून यायची. वाचणारे म्हणजे सुपरवायझर, गोदामप्रमुख, सहकारी पतसंस्थांचे सचिव. भाषा सोपी झाली तरी हे वाचक अडायचे, कारण अमेरिकेतली दुकानं, तिथले सण आणि तिथलं हवामान समजून घेण्यातच त्यांचं लक्ष संपायचं आणि धड्यापर्यंत काही उरायचं नाही. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "उदाहरणं इथली घाला, पण शिकवण बदलू नका." हे वाक्य बोलायला सोपं आहे. आमचा सगळा धंदा त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर उभा आहे.

ते अवघड का, हे एका छोट्या कामातून लक्षात यावं. एका केसमध्ये नाताळच्या सुमारास मालक मर्जीने बोनस देतो आणि त्याने कामगारांचा उत्साह कसा वाढतो, अशी चर्चा होती. महाराष्ट्रातल्या माणसाला लगेच दिवाळी बोनस आठवेल आणि तो म्हणेल, मग इथे ईदचे पैसे घाला. इथे लेबारानच्या, म्हणजे ईदच्या आधी कामगारांना 'तेहाएर' मिळतो. पण तो कायद्याने द्यावा लागतो. वर्ष पूर्ण झालेल्या कामगाराला एक महिन्याचा पगार, आणि तोही सणाच्या किमान 7 दिवस आधी. जे मिळणारच आहे त्याने कोणी मालकावर खूश होत नाही, उशीर झाला तर मात्र चिडतो. केसचा सगळा भार 'मर्जीने' या एका गोष्टीवर होता आणि तेहाएर घातला असता तर तीच नेमकी गळून पडली असती. म्हणून आम्ही वर्षाअखेरी कामगिरी पाहून काही कंपन्या देतात तो बोनस घेतला. सणाचा रंग गेला, धडा राहिला.

तेव्हापासून कुठलंही उदाहरण बदलायच्या आधी आम्ही त्याचं टाचण करतो. कागदाच्या एका बाजूला ज्यांच्यावर धडा उभा आहे त्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला नुसती सजावट. सजावट हवी तशी बदलावी. पहिल्या बाजूचं काही हललं तर ते उदाहरण टाकून द्यावं.

ही पद्धत सगळ्यात जास्त कसाला लागली ती फावड्याच्या उदाहरणात. किंमत कशी ठरवावी, यावरच्या कितीतरी धड्यांत ते येतं. लोखंडी सामानाचं एक दुकान बर्फ उपसायची फावडी 15 डॉलरला विकत असतं. रात्री मोठं हिमवादळ होतं आणि सकाळी दुकानदार किंमत 20 डॉलर करतो. हे रास्त की अन्याय्य? कानमन, नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी हा प्रश्न टोरांटो आणि व्हँकूव्हरच्या लोकांना फोनवर विचारला होता आणि निष्कर्ष 1986 साली प्रसिद्ध केले. 107 जणांपैकी 82 टक्के लोकांनी ते अन्याय्य ठरवलं. धडा असा की गरज वाढली एवढ्याच कारणाने नेहमीची किंमत वाढवली तर गिऱ्हाईक ती लूट समजतं, मग बाजाराचं गणित काहीही सांगो.

बांडुंगला बर्फ नाही. टाचणात पहिल्या बाजूला आम्ही लिहिलं: सगळ्यांना माहीत असलेली ठरलेली किंमत, रातोरात वाढलेली गरज, दुकानदाराचा न वाढलेला खर्च, साधारण एक तृतीयांश वाढ, आणि गैरसोय असली तरी आपत्ती नव्हे असा प्रसंग. बर्फ, फावडं, डॉलर ही सजावट.

पहिली सूचना आली छत्रीवाल्या पोरांची. पाऊस आला की मॉलच्या आणि स्टेशनच्या दारात मुलं छत्री धरून तुम्हाला गाडीपर्यंत पोचवतात, त्याला 'ओजेक पायुंग' म्हणतात. चित्र गोड आहे, पण त्याला ठरलेला भावच नाही, ज्याने त्याने खुशीने द्यायचं. जिथे आधीची किंमत नाही तिथे ती वाढली असं कोण म्हणणार? दुसरी सूचना मास्कची. 2 मार्च 2020 ला इंडोनेशियात कोरोनाचे पहिले रुग्ण जाहीर झाले आणि मास्कच्या डब्यांचे भाव भडकले. हे प्रत्येकाला आठवतं, पण तेव्हा खुद्द दुकानदारालाही माल महाग मिळत होता, आणि भीतीही वेगळ्याच जातीची होती. तिसरी सूचना माझ्या भागीदाराची, आणि ती मला पटकन पटली होती: फावडंच ठेवू, फक्त बर्फाऐवजी चिखल. बांडुंगच्या दक्षिणेला दायेउकोलोत, बालेएंदाह भागात चितारुम नदीचं पाणी घरांत शिरतं आणि ओसरल्यावर लोक फावड्यांनी गाळ काढतात. वस्तू तीच, जागा इथली. पण बदललेलं उदाहरण आम्ही आधी काही वाचकांना देऊन चाचणी घेतो, आणि त्यांनी उत्तर दिलं, "पूरग्रस्तांकडून जास्त पैसे घेणं पाप आहे." निकाल तोच, कारण निराळं. त्यांना दया आली होती, किमतीचा विचार त्यांनी केलाच नव्हता. हाच वाचक उद्या आपल्या दुकानात, जिथे पूर नाही, तिथे या धड्यातून काय उचलणार?

शेवटी आम्ही रेनकोटवर आलो, इथे त्याला 'जास हुजान' म्हणतात. बांडुंगमध्ये निम्मं गाव मोटरसायकलवर असतं आणि पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीनंतर प्रत्येकाला तो लागतो. रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडे घासाघीस चालते, म्हणून आम्ही लेबलवर किंमत छापलेलं दुकान घेतलं. 1,50,000 रुपियाचा रेनकोट दुसऱ्या दिवशी सकाळी 2,00,000 ला. वाढीचं प्रमाण मुळातल्यासारखंच राहिलं. डॉलरचा विनिमय दर लावून किंमत काढली असती तर वस्तूच्या इथल्या भावाशी तिचं काही नातं उरलं नसतं, म्हणून आम्ही दर कधीच लावत नाही. आधी वस्तूचा इथला खरा भाव पाहतो आणि मग प्रमाण जपतो.

तरी एक गळती उरली होती. काही वाचक म्हणाले, "बिचाऱ्याला घाऊक व्यापाऱ्यानेच महाग दिला असेल." सणांच्या तोंडावर मिरची, मांस सगळ्याच पातळ्यांवर महागतं, हा अनुभव त्यांच्या अंगवळणी पडलेला. मूळ प्रश्नात खर्चाचा उल्लेखच नाही. आम्ही एक वाक्य घातलं: हा माल दुकानदाराने कोरड्या महिन्यांतच जुन्या भावाने भरून ठेवला होता. मूळ मजकुरात नसलेली भर म्हणून शिक्षकाच्या प्रतीत तिची नोंद केली आणि मूळ धड्याचे हक्क असलेल्यांना कळवून मंजुरी घेतली. त्यानंतरच्या चाचणीत वाचकांची कारणं जागेवर आली: "त्याला तर महाग पडला नव्हता ना?"

आणि ते 82 टक्के? त्यांना आम्ही हात लावला नाही. गिऱ्हाईकाची इच्छा होती की रेनकोटच्या गोष्टीखालीच तो आकडा यावा, वाचायला सलग वाटतं. मी ठाम नकार दिला. तो आकडा कॅनडातल्या माणसांचा आहे आणि फावड्याबद्दलचा आहे. इंडोनेशियन लोकांना रेनकोटबद्दल कोणी विचारलंच नसताना तो तिथे ठेवणं म्हणजे खोटा पुरावा तयार करणं. म्हणून गोष्ट रेनकोटची, आणि तिच्यानंतर वेगळ्या चौकटीत मूळ पाहणी जशीच्या तशी, फावड्यासकट. दारापुढचा बर्फ ढकलायला हे अवजार लागतं, एवढं अर्ध्या वाक्यात सांगितलं की वाचकाला पुरतं. समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण बदलता येतं, सिद्ध करण्यासाठी दिलेलं नाही, याबाबत आम्ही कुठल्याच गिऱ्हाईकाशी तडजोड करत नाही. याच कारणाने खऱ्या कंपनीच्या जागी दुसरी खरी कंपनी घालून तिच्या तोंडी मूळ आकडे देण्याचं काम आम्ही घेत नाही. तसं दुकान लागलंच तर ते निनावी आणि कल्पित असतं, आणि तसं छापलेलं असतं.

कॉफीच्या कॅप्सूल यंत्राच्या केसने वेगळाच पेच टाकला. यंत्र स्वस्त विकायचं आणि त्यात घालायच्या कॅप्सूलवर, म्हणजे कॉफी भरलेल्या छोट्या डब्यांवर कमवायचं, असा तो धडा. आमच्या वाचकांच्या घरी असलं यंत्र नसतं. कुणी सुचवलं, 19 लिटरचा पाण्याचा 'गालोन' घ्या, डबा एकदा विकत आणि मग पाणी पुन्हा पुन्हा. टाचणापुढे ते टिकलं नाही, कारण डबा काही तोटा खाऊन विकला जात नाही आणि गल्लीतली पाणी भरून देणारी केंद्रं कुठलाही गालोन बऱ्याच कमी पैशांत भरून देतात. प्रिंटरचं उदाहरण नेमकं बसलं: यंत्र स्वस्त, शाईची काडतुसं महाग. पण इथल्या वाचकाला पुढचंही ठाऊक असतं. झेरॉक्सच्या आणि इंटरनेटच्या दुकानांनी बाहेर शाईच्या टाक्या जोडून 'इन्फूस' प्रिंटर बनवले आणि काडतुसांचा खर्च टाळला. अखेर एपसनने 2010 च्या ऑक्टोबरमध्ये आपला टाकीवाला प्रिंटर सगळ्यात आधी इंडोनेशियातच बाजारात आणला. मूळ केस विचारते, गिऱ्हाईक कॅप्सूल दुसरीकडून का घेत नाही? आमचा वाचक शाईबद्दल म्हणणार, घेतो की! धड्याची खरी अट, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारा माल दुसऱ्याला विकू न देण्याची ताकद, इथे मुळापेक्षा जास्त स्पष्ट दिसते. पण केसची दिशा बदलते, म्हणून हा भाग आम्ही कथेत घातला नाही. शेवटी चर्चेचा जादा प्रश्न म्हणून दिला आणि तो ठेवायचा की नाही हे मूळ लेखकावर सोपवलं. त्यांनी ठेवला.

या सगळ्याचा आमच्या दरपत्रकावरही परिणाम झाला. पूर्वी शब्दांवर पैसे घ्यायचो. फावड्याच्या चार ओळींना अख्ख्या प्रकरणाइतका वेळ लागतो हे गिऱ्हाईकाला शब्दांच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून आता भाषांतराचा दर वेगळा आणि बदललेल्या प्रत्येक उदाहरणाचा वेगळा, त्यात चाचणीचा खर्च धरून. काही प्रकाशक यावर निघून गेले. जे राहिले त्यांना आम्ही भाषांतराबरोबर टाचणंही देतो, म्हणजे पुढच्या आवृत्तीत कोणी उदाहरण बदललं तर काय हलवायचं नाही ते त्याच्यासमोर असेल. सध्या टेबलावर सहकारी पतसंस्थांसाठीची केस आहे. मूळ गोष्ट अमेरिकेतल्या बँकेच्या क्रेडिट कार्डाची, आणि माझी भागीदार म्हणते आहे की 'आरिसान', म्हणजे इथल्या बायकांची भिशी, इथे चालणार नाही, कारण भिशीत व्याजच नसतं. टाचणाची पहिली बाजू अजून लिहून व्हायची आहे.